रात्रभर डोळे मिचकावणारा दिवा

सकाळी शटरच्या उजव्या कुलपात किल्ली घातली तोच समोरचे शिंपीकाका वरच्या खिडकीतून म्हणाले, "काय हो, रात्री तुमच्या दिव्याला झालं होतं काय? रात्रभर डोळे मिचकावत होता. पडदा ओढला तरी भिंतीवर दिसायचं."

आदल्या रात्री मी मोठ्या समाधानाने घरी गेलो होतो. पंधरा दिवस मनात घोळत असलेलं काम दीड तासात झालं होतं. संध्याकाळी अंधार पडला, दिवा आपोआप लागला, शेजारच्या दोघांना मी तो दाखवलाही. म्हणून काकांचं बोलणं मला खरंच वाटेना. म्हटलं, लाइट वरखाली झाली असेल. काका म्हणाले, "माझा पंखा तर एका चालीत फिरत होता."

आधी हे खूळ डोक्यात का शिरलं ते सांगतो. माझं दुकान स्टेशनरीचं. बाहेरच्या दिव्याचं बटण आत, गल्ल्यामागच्या बोर्डावर. म्हणजे दिवा लावायचा तर शटर पाडायच्या आधी लावायचा, आणि विझवायचा तर सकाळी शटर वर केल्यावर. रात्री लावायचा विसरलं की अर्धं पडलेलं शटर पुन्हा वर ढकला, वाकून आत जा, बटण दाबा. सकाळी गिऱ्हाइकाच्या गडबडीत विझवायचा विसरलं की दिवा दुपारपर्यंत उन्हात जळत बसे. आणि सुट्टीच्या दिवशी काही सामान न्यायला अंधारात आलो की खाली बसून कुलपाचं भोक चाचपत राहायचं. टायमर लावायचा विचार केला होता, पण सूर्य काही वर्षभर एकाच वेळेला मावळत नाही. दर महिन्याला काटे फिरवायचे तर बटणच काय वाईट?

म्हणून एलडीआर. बोटाच्या पेराएवढा गोल सेन्सर, तोंडावर नागमोडी रेघ असलेला. उजेड पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, अंधारात वाढतो. तो एका छोट्या प्लेटला जोडायचा. प्लेटवर तुलना करणारी एक चिप, एक पिळायचा स्क्रू आणि एक रिले. सेन्सरचा रोध स्क्रूने ठरवलेल्या हद्दीच्या वर गेला की रिले टक् करून दिव्याचं सर्किट जोडतो, हद्दीखाली आला की तोडतो. प्लेटला पाच व्होल्ट लागतात, ते मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून मिळाले. दिवा 20 वॉटचा एलईडी फ्लडलाइट. तो छज्ज्याच्या खालच्या अंगाला, तोंड शटरकडे करून, म्हणजे दोन्ही कुलपांवर उजेड पडेल. सेन्सर कुठे लावायचा याचा मी घटकाभरही विचार केला नाही. वायर तिथेच होती, म्हणून दिव्यापासून हातभर अंतरावर छज्ज्यालाच चिकटवला.

तपासणी मी अगदी मन लावून केली असं मला तेव्हा वाटलं. भर दुपारी स्टुलावर चढलो, सेन्सरवर तळहात धरला. टक्, दिवा लागला. हात काढला, टक्, विझला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. संध्याकाळी खरा अंधार पडायला लागल्यावर दिवा लागताना चार-पाच मिनिटं थोडा फडफडला आणि मग स्थिर झाला. मी म्हटलं, नवीन आहे, जुळवून घेतोय. बायको म्हणाली, "यंत्र कसलं जुळवून घेतंय? ते काय सून आहे?" मी हसण्यावारी नेलं. खरं तर पुढच्या तीन आठवड्यांची सगळी कथा त्या चार-पाच मिनिटांच्या फडफडीत होती.

काकांनी सांगितलं त्या दिवशी मी दुपारभर त्या दिव्याच्या मागे लागलो. हात धरला की लागतो, काढला की विझतो, खोट कुठे दिसेना. म्हणजे स्क्रूच चुकीच्या जागी असणार. हद्द जास्त अंधाराकडे नेली. संध्याकाळ झाली, दिवा आता शटर वर असतानाच फडफडायला लागला, आणि थांबेचना. म्हणून उलट दिशेने पिळला, बराच पिळला. दिवा स्थिर झाला. मी शटर पाडलं, पाच मिनिटं रस्त्यावर उभा राहिलो, दिवा शांत. घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, तसा माझा दिवा भर दुपारी दोनला लागला. मी स्क्रू पुन्हा थोडा मागे घेतला, आणि रात्री परत मिचकावणं सुरू.

तिसऱ्या सकाळी दिवा मिचकावत नव्हता. तो नुसता लागलेला होता, ऊन डोक्यावर आलं तरी. प्लेटवरची बारकी लाल खूण विझलेली, म्हणजे प्लेट म्हणतेय "बंद", आणि दिवा चालू. मेन स्विच बंद करून रिलेच्या निळ्या डबीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली, आतून बारीकसा आवाज आला. मेन चालू केला तर दिवा विझलेला. रिलेचे आतले दोन संपर्क एकमेकांना चिकटले होते, टिचकीने सुटले.

हे का झालं ते मागाहून हिशोब घातल्यावर कळलं. अशा छोट्या रिलेवर 10 अँपिअर लिहिलेलं असतं, आणि माझा दिवा एक दशांश अँपिअरच्याही आसपास घेतो. तेव्हा ओझं कसलं? पण एलईडीच्या आतल्या सर्किटमध्ये कपॅसिटर असतो, आणि दर वेळी चालू होताना तो क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. त्या क्षणी संपर्कात ठिणगी पडते. रोज एकदा पडली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. माझा दिवा सेकंदाला साधारण एकदा लागत-विझत होता. रात्री नऊ ते सकाळी सहा म्हणजे नऊ तास, 32,400 सेकंद. या जातीच्या रिलेचं आयुष्य पूर्ण ओझ्यावर साधारण एक लाख वेळा जोडण्या-तोडण्याचं सांगतात. रोज एकदा वापरला तर जे पिढ्यान्‌पिढ्या पुरलं असतं त्यातलं बरंचसं मी दोन-तीन रात्रींत संपवलं होतं.

तेव्हा हा हिशोब माझ्या डोक्यात नव्हता. होती ती घाई. नवीन प्लेट आणली, आणि सोबत एक टायमरची प्लेट. सेन्सरने हुकूम दिला की ही अर्धा मिनिट थांबते, तोवर हुकूम बदलला नाही तरच पुढे सरकवते. म्हटलं, आता कसा मिचकावतो बघू. त्याच झटक्यात स्क्रूही नव्याने लावला आणि सेन्सर वीतभर सरकवला. तीन गोष्टी एकदम.

सकाळी काका खिडकीतच उभे होते. "आज सुधारणा आहे. आता दमानं मिचकावतोय. अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद. मी घड्याळ लावून बघितलं."

मग वायरमनला निरोप धाडला. तो आठ दिवसांनी आला, आणि ते आठ दिवस मी त्याच्यावर मनातल्या मनात बराच तापलो. आल्यावर त्याने पक्कड काढली नाही की टेस्टर काढला नाही. स्टूल ओढून बाहेर बसला आणि म्हणाला, "शेठ, शटर पाडा बरं." पाडलं. सेन्सरकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, शटरवर बोट फिरवलं. शटर नवंच होतं, झिंकचं, चकचकीत. "वर करा." केलं. "आतल्या ट्यूब विझवा. आता परत पाडा." मला वाटलं हा माणूस माझी फिरकी घेतोय.

मग तो उठला, मेन काढून बॉक्स उघडला आणि पहिल्यांदा मला फैलावर घेतलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मी रिलेमधून फेजऐवजी न्यूट्रल नेली होती. दिवा विझलेला दिसायचा, पण होल्डरपर्यंत फेज कायम जिवंत. काळोख्या रात्री विझलेला दिवा किंचित मिणमिणताना मला दिसला होता, मी त्याला एलईडीची खोड समजलो होतो. "लोखंडी शटर, वर पावसाळा तोंडावर, आणि शटरला अर्थिंग आहे का?" नव्हतं. ते दोन्ही त्याने त्याच दिवशी केलं: फेज रिलेमधून, न्यूट्रल थेट, आणि शटरच्या चौकटीला अर्थची वायर. बाकीचं मात्र करायला नाही म्हणाला.

"एलडीआरच्या दोन वायरी प्लेटवरून सोडवून ठेवतो. दिवा आठ दिवस हातानेच लावायचा. आणि रोज मीटर लावून लिहायचं."

"काय लिहायचं?"

"दिवा चालू असताना किती, बंद असताना किती. शटर वर असताना किती, खाली असताना किती. आणि आठ दिवस स्क्रूला हात लावायचा नाही."

दुकानदाराला आकडे लिहायला सांगितलं की तो नाही म्हणू शकत नाही. उधारीच्या वहीची मागची पानं घेतली, चार रकाने आखले. मल्टिमीटर किलोओहमवर ठेवायचा, दोन टोकं सेन्सरच्या वायरींना, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एलडीआर उजेडातून अंधारात गेला की लगेच खरा आकडा देत नाही, चढत राहतो, म्हणून प्रत्येक वेळी मिनिटभर. पहिल्या दोन रात्री मला त्या मिनिटभर थांबण्याचाही कंटाळा आला आणि आकडे दोन्ही रात्रींचे जुळेनात. तिसऱ्या रात्रीपासून जुळायला लागले.

पूर्ण अंधार पडल्यावर, दुकान उघडं, आत ट्यूब चालू, बाहेरचा दिवा बंद: 22 किलोओहम. बाहेरचा दिवा लावला: 14. मग शटर पाडलं, दिवा बंद: 70. शटर पाडलेलंच, दिवा चालू: अडीच.

मी तो शेवटचा आकडा तीनदा बघितला. उघड्या दुकानात दिव्याचा उजेड आत शिरून रॅकमध्ये, वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये मुरतो, सेन्सरपर्यंत थोडाच परत येतो. शटर पडलं की तोच उजेड त्या चकचकीत पत्र्यावर आपटून सरळ सेन्सरच्या डोळ्यात. माझा स्क्रू पहिल्या दिवशी साधारण 10 किलोओहमवर लावलेला होता. शटर वर असताना दिवा लागूनही आकडा 14, म्हणजे हद्दीच्या वर, म्हणजे "अंधार आहे", दिवा लागलेला राहतो. शटर पाडलं की 70, अंधार, दिवा लागला. लागल्याबरोबर अडीच, उजाडलं, दिवा विझला. विझल्याबरोबर पुन्हा 70. बिचारा सेन्सर रात्रभर खरंच बोलत होता. दिवा लागला की म्हणे दिवस, विझला की म्हणे रात्र.

बाकीचं सगळं मग आपोआप उलगडलं. संध्याकाळची ती चार-पाच मिनिटांची फडफड हाच प्रकार, लहान प्रमाणात: उजेड नेमका हद्दीवर असताना दिव्याने टाकलेला थोडासा उजेडही पारडं फिरवायला पुरे. आणखी काळोख झाला की दिव्याचा उजेड धरूनही आकडा हद्दीच्या वर राही, फडफड थांबे. स्क्रू अंधाराकडे नेला तेव्हा हद्द 14 च्या वर गेली, म्हणून उघड्या दुकानातही दिवा ठरेना. उलट पिळला तेव्हा हद्द अडीचच्या खाली गेली, रात्र शांत गेली, पण छज्ज्याखाली ढगाळ दुपारही तेवढीच काळोखी असते. म्हणजे ज्या जागी सेन्सर होता तिथे दोन्ही बाजू सांभाळेल अशी स्क्रूची जागा नव्हतीच. मी नसलेली जागा शोधत होतो. आणि टायमरने काय केलं? चक्र तेच ठेवलं, नुसतं लांबवलं.

सगळ्यात लाज वाटली ती तळहाताची. हाताने झाकल्यावर सेन्सरवर आकाशाचा उजेड पडत नाही, तसा दिव्याचाही पडत नाही. जे बिघडवत होतं तेच मी तपासताना हाताआड लपवत होतो. त्या तपासणीत माझी मांडणी कधी नापास होऊच शकली नसती. झाकून बघायचंच असेल तर दिव्याकडची बाजू उघडी ठेवून, शटर पाडून, रात्रीच बघायला हवं.

वही घेऊन वायरमनकडे गेलो. त्याने आकडे वाचले आणि म्हणाला, "आता जागा सांगा तुम्हीच." मी म्हटलं, पाटीच्या वर, छज्ज्याच्या माथ्यावर, तोंड आभाळाकडे. दिवा खाली, सेन्सर वर, मध्ये स्लॅब. तो म्हणाला, "लावा. पण वायरी प्लेटला जोडू नका. परत आठ दिवस."

हे दुसरे आठ दिवस मला पहिल्यांपेक्षा जड गेले, कारण उत्तर आता माहीत होतं. पण वहीत आकडे चांगले पडत होते. रात्री दिवा बंद: 90 किलोओहम, तेवढा उजेड रस्त्यावरच्या खांबाचा. दिवा चालू: 85. शटर वर की खाली याने काही फरकच नाही. याच दिवसांत आणखी एक गोष्ट हाती लागली. सूर्य मावळल्यापासून दर दोन मिनिटांनी आकडा लिहीत होतो. मावळताना हजाराच्या आतबाहेर ओहम, दहा मिनिटांनी दोन-तीन किलोओहम, आणि पुढच्या दहा मिनिटांत एकदम दहाच्या पलीकडे. सूर्यास्ताच्या वेळी मोकळ्या जागेत साधारण 400 लक्स उजेड असतो, आणि सूर्य क्षितिजाखाली 6 अंश गेला की साडेतीन लक्सच्या आसपास उरतो. अर्ध्या तासाच्या आत शंभरपट उतार. आपल्या डोळ्याला हे कळत नाही, डोळा सोबत सोबत सवय करून घेतो. मी त्या वेळी गल्ल्यावर बसून वाचत असतो आणि मला वाटतं अजून उजेड आहे. मीटरला तशी सवय नाही.

याचा उपयोग असा झाला की स्क्रूचं माझं वेड उतरलं. हद्द 10 वर ठेवा की 18 वर, दिवा लागण्यात फरक पडतो तीन-चार मिनिटांचा. त्यासाठी मी पहिल्या आठवड्यात स्टुलावर किती वेळा चढलो असेन ते स्टूलच जाणे.

वायरमनने शेवटी एक गोष्ट वाढवली. लागण्याची हद्द आणि विझण्याची हद्द एकच असेल तर संधिप्रकाशात एखादा ढग सरकला तरी दिवा लागेल-विझेल, सेन्सर कुठेही असो. म्हणून दोन्ही हद्दींत अंतर हवं. चिपच्या आउटपुटपासून सेन्सरच्या बाजूच्या पायाकडे त्याने 22 किलोओहमचा एक रेझिस्टर डकवला. त्यामुळे चिप एकदा ज्या बाजूला झुकली त्या बाजूला स्वतःला थोडं ओढून धरते. मीटर लावून बघितलं तर दिवा आता साधारण 18 किलोओहमला लागत होता आणि साडेसातच्या आसपास खाली आल्याशिवाय विझत नव्हता. मी विचारलं, "हा रेझिस्टर आधीच लावला असता तर जुन्या जागी चाललं असतं का?" तो म्हणाला, "तुमची वही काय म्हणते?" वहीत 70 आणि अडीच. 18 आणि साडेसात यांच्या दोन्ही बाजूंना. नसतं चाललं.

टायमर मात्र राहू दिला. पहाटे एखादा ट्रक वळणावर दिव्याचा झोत वर फेकतो, पावसाळ्यात वीज चमकते. अर्ध्या मिनिटाच्या आतलं काहीही तो कानाआड करतो. म्हणजे ज्या कामासाठी मी आणला ते त्याला जमण्यासारखं नव्हतंच, आणि जे जमतं त्यासाठी तो आता आहे.

सेन्सर जोडल्यावर पहिली संध्याकाळ मी बाहेर उभा होतो. काकाही खिडकीत. अंधार चढत गेला, दिवा लागला, एकदाच. शटर पाडलं. काका मोठ्याने आकडे मोजायला लागले, साठापर्यंत मोजून थांबले आणि खिडकी लावून घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री दिवा लागलाच नाही. महिन्याभरापूर्वीचा मी असतो तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलो असतो. या वेळी मेन बंद केला, वायरी सोडवून मीटर लावला आणि वही काढली. मागच्या पानावर त्या वेळेला 90 हवेत. मीटरवर 6. सेन्सर हाताने झाकला, तरी 6. इथे तळहात कामी आला: झाकलेला एलडीआर शेकडो किलोओहमच्या पलीकडे चढायलाच हवा, चढत नसेल तर उजेडाखेरीज दुसरी कुठली तरी वाट करंटला सापडली आहे. वरची पारदर्शक डबी उघडली. आत थेंब, आणि सेन्सरच्या दोन उघड्या पायांच्या मध्ये ओल. त्या ओलीतून करंट जात होता आणि प्लेटला वाटत होतं ऊन पडलंय.

पाय पुसले, कोरडे केले, दोघांवर वेगवेगळी नळी चढवली, डबीचा वरचा सांधा सिलिकोनने बंद केला आणि तळाला, खालच्या अंगाला, बारीक भोक ठेवलं, म्हणजे आत साचलेली वाफ पाणी होऊन बाहेर पडेल. वायरीलाही डबीत शिरण्याआधी खाली एक झोल दिला. पाणी त्या झोलावरून ठिबकतं, आत जात नाही. मीटरवर परत 88 आले. वहीत तारखेपुढे लिहिलं: "पाऊस. 6. ओल. पुसल्यावर 88."

ती पानं आता उधारीच्या पानांना येऊन भिडली आहेत. महिन्यातून एकदा डबीवरची धूळ पुसतो. धूळ साचली की सेन्सरला संध्याकाळ लवकर होते आणि दिवा घाई करतो. मागच्या वेळी पुसायच्या आधी सूर्यास्तानंतर बारा मिनिटांनीच लागला होता, पुसल्यावर बावीस मिनिटांनी. काका अजूनही वेळ बघतात. परवा म्हणाले, "आज दोन मिनिटं उशीर झाला." मी वही उघडून दाखवली, आभाळ निरभ्र होतं.